व्हायब्रो मोटरचे बोल्ट सारखे ढिले होतात : लॉकटाइट की नायलॉक?

प्रश्न : आमच्या डाळ मिलमधल्या चाळणीला खाली एक व्हायब्रो मोटर आहे. तिचे चार एम-१२ बोल्ट दर आठ-पंधरा दिवसांनी ढिले होतात. स्प्रिंग वॉशर झाले, डबल नट झाले. आता एक फिटर म्हणतो लॉकटाइट लावा, दुसरा म्हणतो नायलॉक नट टाका. काय लावू? दोन्ही लावले तर चालेल का?

उत्तर :

दोन्ही एकाच बोल्टला लावू नका. आणि दोन्हीपैकी एक निवडण्याआधी तुमचे बोल्ट नेमके कशाने ढिले होतात ते बघावं लागेल. "ढिला झाला" या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एकात नट खरोखर उलटा फिरलेला असतो. दुसऱ्यात नट जागचा हललेलाही नसतो, पण बोल्टमधला ताण गेलेला असतो. लॉकटाइट आणि नायलॉक ही फक्त पहिल्या दुखण्याची औषधं आहेत. व्हायब्रो मोटरवर मात्र बहुतेक वेळा सुरुवात दुसऱ्यापासून होते, आणि ताण गेल्यावर मग नट फिरायला लागतो.

ओळखायची पद्धत सोपी आहे. पुढच्या वेळी बोल्ट नीट आवळून झाले की बोल्टचं टोक, नट, वॉशर आणि खालची प्लेट यांच्यावरून पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. बोल्टच्या डोक्याच्या बाजूलाही तशीच एक रेघ. आठ दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. रेघ जशीच्या तशी आहे, पण पाना लावल्यावर नट सहज थोडा पुढे जातो, तर नट फिरलेला नाही, सांधा बसला आहे. मोटरच्या पायाभोवती किंवा वॉशरच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर पाय प्लेटवर घासतो आहे. तिथे कुठलाही नट फार दिवस टिकणार नाही.

आता हा ताण म्हणजे किती, ते आकड्यात बघू. ८.८ ग्रेडचा एम-१२ बोल्ट ८० न्यूटन-मीटरला आवळला की त्यात साधारण साडेतीन टनांचा ताण येतो. चार बोल्ट मिळून मोटरचा पाय १४ टनांनी प्लेटवर दाबला जातो. कोरड्या, स्वच्छ लोखंडावर लोखंड असेल तर घर्षणामुळे त्या दाबाच्या सुमारे १५ टक्के, म्हणजे दोन टनांपर्यंतचा आडवा जोर पाय न सरकता झेलतो. तुमच्या मोटरच्या पाटीवर केंद्रोत्सारी बल लिहिलेलं असेल. ते ५०० किलो धरलं तर चौपट राखीव हाताशी आहे. पण बोल्टमधला ताण उतरून पाचव्या हिश्शावर आला, तर एकूण दाब २८०० किलो उरतो आणि घर्षण पेलतं जेमतेम ४२० किलो. मग प्रत्येक फेऱ्याला पाय केसभर सरकतो. मोटर १४४० आरपीएमची असेल तर तासाला ८६,४०० फेरे होतात.

पाय आडवा सरकतो तेव्हा नटाचे आटे बोल्टच्या आट्यांवर इकडून तिकडे घसरतात. घसरत असलेल्या पृष्ठभागाला फिरण्याविरुद्ध धरून ठेवणारं घर्षण जवळजवळ उरत नाही, आणि आट्यांच्या उतारावरून नट आपोआप उलटा निघायला लागतो. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडव्या सरकण्याने नट कितीतरी लवकर सुटतो. आजही लॉकिंगच्या वस्तू तपासायला त्यांच्याच धर्तीचं यंत्र वापरतात. स्प्रिंग वॉशर तुमच्याकडे का चालला नाही, तेही यावरून कळतं. साडेतीन टनांच्या ताणापुढे तो सुरुवातीलाच सपाट होतो, त्यानंतर तो एक साधा वॉशरच, वर फुटायची भीती वेगळी. व्हायब्रो मोटरखालून तो काढूनच टाका.

मग पहिल्यांदा ताण उतरतो कशामुळे? इथे बहुतेकांचं लक्ष जात नाही. मोटरचा पाय १८ मिलीमीटर आणि प्लेट १२ मिलीमीटर जाड असेल, तर दोन्ही मिळून ३० मिलीमीटरची पकड झाली. एवढ्या लांबीचा एम-१२ बोल्ट साडेतीन टनांना सुमारे ६ शतांश मिलीमीटर लांबतो. बस, एवढंच. सांध्याला दाबून धरणारी सगळी ताकद त्या ६ शतांशात साठलेली असते. आता मोटरच्या पायावरचा रंग आणि प्लेटवरचा रंग मोजा. पावडर कोटिंगचा एकेक थर ६ ते १० शतांशाचा असतो. हे थर गरम होऊन, हादऱ्याने दबून ३ शतांश जरी खाली बसले, तरी अर्धा ताण गेला, आणि नट एक अंशही फिरला नाही. प्लेटवरचा वेल्डिंगचा छर्रा, कापलेल्या भोकाची उभी राहिलेली कड, लांबट भोकावर बसवलेला पातळ मऊ वॉशर, सगळ्यांचा परिणाम तोच. रंगावर आवळलेल्या बोल्टला लॉकटाइट लावलं तर लॉकटाइट आपलं काम चोख करेल. नट फिरणार नाही, पण सांधा आतून सैल होईल, आणि रेघ शाबूत दिसल्यामुळे तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. मग एके दिवशी बोल्टच तुटेल.

म्हणून आधी बैठक. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा, मोटर उतरवा. पायाचा खालचा भाग आणि प्लेटवरची तेवढी जागा ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने रंग जाऊन धातू दिसेपर्यंत साफ करा. डिस्क आडवी फिरवा, खड्डे पाडू नका. मोटर नुसती ठेवून चारही पायांखाली फीलर गेज घालून बघा. पाव मिलीमीटरची पट्टी कुठेही आत जात असेल तर प्लेट वाकलेली आहे, वेल्डिंगनंतर असं सर्रास होतं. अशा पायाखाली नुसता बोल्ट आवळला तर पायच तडकतो. तिथे पूर्ण पायाच्या मापाचा शिम द्या, नाहीतर प्लेट मशीन करून घ्या. वॉशर कडक आणि जाड हवा, विशेषतः भोक लांबट असेल तिथे. साधा पत्र्याचा वॉशर त्या भोकात बशीसारखा आत जातो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ आणि नटावर ८ हा शिक्का बघूनच घ्या. बिनशिक्क्याचा बोल्ट ८० न्यूटन-मीटरला कदाचित लांबूनच जाईल.

खाली जागा असेल तर एक सुधारणा फार फायद्याची ठरते. नटाखाली ३० मिलीमीटर उंचीची जाड भिंतीची लोखंडी बुश घालून बोल्ट तेवढा लांब घ्या. पकड ३० ची ६० झाली की तोच ताण १२ शतांश लांबण्यातून येतो, आणि मग २-३ शतांश बसण्याने अर्धा नव्हे, पाव ताण जातो. बाटलीतलं कुठलंही औषध हे करू शकत नाही.

आवळणं टॉर्क रेंचनेच करा. नसेलच तर अंदाज असा : ८० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ८ किलोचा जोर. १९ चा रिंग पाना ३० सेंटीमीटरचा असेल तर टोकाला २७ किलो लावावे लागतील. नुसत्या मनगटाने येणारा हा जोर नाही, अंग घालावं लागतं. चार बोल्ट आडवे-तिडवे, आधी ४० ला आणि मग ८० ला.

आता लॉकिंग. दोन वस्तू काय करतात ते वेगळं समजून घेतलं की निवड आपोआप होते.

नायलॉक नटाच्या डोक्यात नायलॉनची कडी असते. तिच्यात आटे नसतात, बोल्ट स्वतःच तिच्यात आपली जागा करतो आणि कडी त्याला घट्ट धरते. त्यामुळे नट सैल असला तरी फिरायला विरोध होतो. पण हा विरोध थोडाच असतो, नव्या एम-१२ नटाला काही न्यूटन-मीटर. पाय आडवा सरकायला लागला तर नायलॉक नटही आपला बराचसा ताण गमावतो आणि मग कुठेतरी थांबतो. म्हणजे नायलॉक नट गळून पडू देत नाही, पण सांध्याचा ताण राखण्याची खात्री देत नाही. तुमच्या डाळीत नट पडणार नाही एवढं नक्की, आणि मिलमध्ये तेही थोडं नाही. दुसरी जमेची बाजू म्हणजे तो हवा तेव्हा पुन्हा आवळता येतो.

लॉकटाइट, म्हणजे थ्रेडलॉकर, ते वेगळ्या वाटेने काम करतं. आट्यांमध्ये नेहमी थोडी मोकळी जागा असते, त्यामुळेच ते घसरू शकतात. हे द्रव ती जागा भरून आत कडक प्लॅस्टिक होतं. घसरायला जागाच राहिली नाही की नट उलटा निघण्याची क्रिया मुळातच अडते. म्हणून ताण टिकवण्यात हे नायलॉकपेक्षा सरस आहे. मात्र एकदा घट्ट झाल्यावर नट पुन्हा आवळता येत नाही. जोर लावून अर्धा आटा पुढे नेलात तर आतला थर फुटला आणि लॉकिंग गेलं, वरून मात्र काहीच कळत नाही.

नव्या मोटरच्या पुस्तिकेत बहुधा लिहिलेलं असतं की थोडा वेळ चालवून बोल्ट पुन्हा आवळा. आणि लोक पहिल्याच वेळी लॉकटाइट लावून मोकळे होतात. या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. म्हणून तुमच्या चार बोल्टांसाठी मी हा क्रम ठेवेन : साफ बैठकीवर साध्या नटांनी, लॉकटाइटशिवाय, ८० ला आवळा. चाळणी २० मिनिटं चालवा, बंद करा, पुन्हा ८० ला आवळा. एक पाळी चालवून पुन्हा बघा. नट पुढे सरकायचा थांबला म्हणजे सांधा बसला. मग एकेक बोल्ट उघडायचा, साफ करायचा, थ्रेडलॉकर लावून ८० ला आवळायचा आणि त्यानंतरच दुसऱ्याकडे जायचं. चारही एकदम उघडले तर बैठक हलते आणि मेहनत पहिल्यापासून.

बाटली घेताना 'मध्यम ताकद' घ्या. लॉकटाइटचं २४३ हे निळं त्यातलं नेहमीचं, आणि थोड्याफार तेलकट आट्यांवरही ते चालतं. रंगावर जाऊ नका, लेबलवर मध्यम की जास्त ताकद ते वाचा. दुसऱ्या कंपनीचा निळा तसाच असेल असं नाही. लाल, जास्त ताकदीचं मोटरजवळ नकोच. ते काढायला नट सुमारे २५० अंशांपर्यंत तापवून गरम असतानाच फिरवावा लागतो. मोटरच्या वायंडिंगला आणि बेअरिंगच्या ग्रीसला ते परवडणारं नाही, आणि डाळीच्या भुकटीने भरलेल्या खोलीत टॉर्च पेटवणं म्हणजे आग आणि स्फोट ओढवून घेणं. मध्यम ताकदीचा नट साध्या पान्याने उघडतो.

आटे साफ करायला डिझेल किंवा रॉकेल वापरू नका, मागे तेलाचा थर राहतो. ब्रेक क्लीनर किंवा ॲसिटोन घ्या, ठिणगीपासून लांब, आणि पूर्ण सुकू द्या. जुनं लॉकटाइट असेल तर तारेच्या ब्रशने काढा. एम-१२ ला दोन ते तीन थेंब पुरतात, पण ते योग्य जागी पडायला हवेत. नट शेवटी जिथे बसणार त्याच आट्यांवर, गोलाकार. बोल्टच्या टोकावर टाकले तर नट चढताना निम्मं बाहेर लोटलं जातं. बंद भोक असेल, म्हणजे बोल्ट नटात नव्हे तर टॅप केलेल्या भोकात जात असेल, तर थेंब भोकाच्या तळाशी टाका. नाहीतर अडकलेली हवा द्रवाला वर फेकून देते. बाटलीचं तोंड धातूला टेकवू नका आणि सांडलेलं परत बाटलीत ओतू नका. लोखंडाचे कण आत गेले की पूर्ण बाटली गोठू शकते.

गोठण्याचं गणित लक्षात ठेवा : हे द्रव हवा तुटली आणि धातू लागला की गोठतं. म्हणूनच नवी बाटलीसुद्धा पूर्ण भरलेली नसते, आतली हवा त्याला पातळ ठेवते. म्हणूनच नटाच्या बाहेर आलेलं जास्तीचं द्रव ओलंच राहतं. ते बघून "माल खराब निघाला" असं म्हणणारे बरेच भेटतात. ते फक्त फडक्याने पुसायचं, तुमच्याकडे तर नक्कीच, खाली खायचा माल आहे. उघड्या लोखंडावर दहाएक मिनिटांत हाताला घट्ट लागतं, पूर्ण ताकद यायला साधारण २५ अंशांच्या हवेत २४ तास. झिंक प्लेटिंगच्या किंवा स्टेनलेसच्या बोल्टला जास्त वेळ लागू शकतो, थंडीत आणखी. शनिवारी संध्याकाळी लावून सोमवारी चालू करा. आवळल्यानंतर पाचव्या-दहाव्या मिनिटाला "जरा अजून बघू" म्हणून पाना लावायचा मोह टाळा, गोठू लागलेला थर तिथेच तुटतो.

नीट लागलं होतं की नाही ते पुढे कधी नट उघडाल तेव्हा कळेल. आट्यांत कोरडी पांढरट पापुद्र्यांची भुकटी दिसली तर गोठलं होतं. ओलसर निळं दिसलं तर गोठलंच नव्हतं. एकतर आटे फार तेलकट होते, किंवा बोल्ट-नट इतके सैल की फट भरलीच नाही.

नायलॉक मी तुमच्या चाळणीवर दुसरीकडे वापरेन. जाळीच्या चौकटीच्या पट्ट्या, ज्या तुम्ही जाळी बदलायला वरचेवर उघडता. रबर बुश असलेले हात, जिथे बोल्ट फार आवळायचाच नसतो, फिरायला मोकळा ठेवायचा असतो. अशा जागी ताण हवाच नसल्यामुळे लॉकटाइटपेक्षा नायलॉकच बरोबर. गार्ड आणि कव्हरही त्याच्यावरच. मोटरच्या चार बोल्टांना नायलॉकच हवा असेल, कारण मोटर वारंवार उतरवावी लागते, तरी चालेल. पण मग दर आठवड्याला टॉर्क रेंच लावण्याची शिस्त पाळावी लागेल.

नायलॉकमध्ये दोन गोष्टी नेहमी चुकतात. पहिली, बोल्ट आखूड. नायलॉनची कडी नटाच्या वरच्या टोकाला असते, त्यामुळे बोल्टचे किमान दोन पूर्ण आटे नटाबाहेर दिसले पाहिजेत. टोक नटाच्या पातळीतच असेल तर कडीने बोल्टला नीट धरलेलं नाही, आणि तो साधा नट समजा. दुसरी चूक जास्त फसवी आहे. नायलॉनचा जड फेरा हाताला लागतो आणि माणसाला वाटतं नट आवळला. तो थांबतो, ताण मात्र शून्याच्या जवळ असतो. म्हणून नट प्लेटला टेकायच्या आधी फिरवायला किती जोर लागतो तो मोजा आणि तेवढा वर मिळवा. ८ न्यूटन-मीटर लागत असेल तर ८० ऐवजी ८८ ला आवळा. हॅक्सॉने कापलेल्या बोल्टची कड घासून गोल करा, ती कड नायलॉन खरवडून काढते. इम्पॅक्ट गनने भरधाव चढवू नका, नायलॉन तापून मऊ होतं. हा नट साधारण १२० अंशांपर्यंतच चालतो, म्हणून ड्रायरच्या बर्नरजवळ किंवा इंजिनच्या एक्झॉस्टला तो नाही. आणि काढलेला नट पुन्हा वापरायचा की नाही याची कसोटी बोटांची : कडी बोल्टवर आली तरी नट हाताने फिरतोय, तर फेकून द्या.

दोन्ही एकत्र का नको, ते आता दिसेलच. नट चढताना कडी बोल्टवरचं बरंचसं द्रव पुसून टाकते. जे उरतं ते गोठल्यावर नायलॉकचा एकमेव मोठा फायदा, पुन्हा आवळता येणं, तोही संपतो. आणि उघडलेला नट दोन्ही अर्थांनी बाद.

काम झाल्यावर रेघ पुन्हा ओढा आणि पहिला महिना रोज पाळी सुरू होण्याआधी नजर टाका. लॉकटाइट लावलेल्या बोल्टला टॉर्क रेंच लावून "चेक" करायचा असेल तर ६० वर ठेवा. नट हलला नाही तर पुरे, ८० पर्यंत नेऊ नका. रेघ शाबूत पण तांबूस भुकटी पुन्हा दिसू लागली, तर बैठकीत अजून काहीतरी दबतंय, मोटर उतरवून बघा. दरवेळी त्याच एका कोपऱ्याचा बोल्ट जात असेल, तर तो पाय टेकलेला नाही, किंवा त्या बाजूला प्लेटखालच्या वेल्डला चीर आहे. हातोडी मारून आवाज ऐका, रंग खरवडून बघा. एखादा बोल्ट तुटलाच तर तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या वळ्या दिसतात का पाहा. दिसल्या तर तो बरेच दिवस ढिला चालत होता. तेव्हा चारही बोल्ट नवे घाला, बाकीच्या तिघांनीही तेवढेच हादरे खाल्लेले असतात.